पोलीस म्हणतात ‘आमच्याकडे नाही’: हेबिअस कॉर्पस टाकण्याआधी आणि टाकल्यावर

प्रश्न: सोमवारी रात्री साडेदहाला साध्या कपड्यातली चार माणसं पांढऱ्या जीपमधून आली आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेली. ‘चौकशी आहे, सकाळी सोडतो’ एवढंच बोलली. आज बुधवार. तालुक्याच्या पोलीस स्टेशनात म्हणतात आमच्याकडे नाही, पाहिजे तर मिसिंग द्या. आम्ही सांगली जिल्ह्यातले. एकानं सांगितलं, हायकोर्टात हेबिअस टाका. ते कसं टाकतात, आणि टाकल्यावर भावाला आत जास्त मार बसेल का?

उत्तर: मी बरीच वर्षं हायकोर्टात फौजदारी कामं करतो आणि अशी प्रकरणं हाताळलेली आहेत. तुमच्याकडे अटकेचा एकही कागद नाही, हीच तुमची खरी अडचण आहे. भाऊ कुणाच्या ताब्यात आहे, कधीपासून आहे आणि कशासाठी आहे, या तिन्ही गोष्टी आज फक्त समोरच्याला माहीत आहेत, आणि तो बोलत नाही. बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे हेबिअस कॉर्पस, नेमकी तिथं लागू पडते. हायकोर्ट त्या अधिकाऱ्याला शपथेवर बोलायला लावतं. पण त्याआधी तुमच्या हातात काहीतरी लेखी लागतं, म्हणून मी याचिकेच्या आधीच्या कामापासून सुरुवात करतो. आजचा दिवस त्यातच घालवा.

पहिली गोष्ट, मिसिंग. ‘मिसिंग द्या’ हा सल्ला वरवर मदतीचा वाटतो. तुम्ही ठाण्यात बसता, छापील नमुन्यात ‘घरातून कोणास काही न सांगता निघून गेला, कोणावर संशय नाही’ असं लिहिलं जातं आणि खाली तुमची सही होते. नंतर हाच कागद सरकारी वकील कोर्टापुढे ठेवतात: माय लॉर्ड, हा हरवल्याचा मामला आहे, तपास चालू आहे. हरवलेल्या माणसाचा शोध लावण्यासाठी हेबिअस वापरता येत नाही, असं कोर्टं वारंवार सांगत आली आहेत. बेकायदा ताब्यात असल्याचं प्रथमदर्शनी तरी दिसलं पाहिजे. म्हणून तक्रार जरूर द्या, पण तुमच्या शब्दांत, साध्या कागदावर: अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून, एवढ्या माणसांनी, पोलीस असल्याचं सांगून किंवा तसं भासवून, माझ्या भावाला नेलं, ते पोलीस नसतील तर हे अपहरण आहे आणि गुन्हा नोंदवावा. या शेवटच्या वाक्यामुळे ठाणेदाराची कोंडी होते. त्याला एक तर अपहरणाचा गुन्हा घ्यावा लागतो, नाही तर आतून चौकशी करून ‘एलसीबीनं, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेनं, आणलाय’ हे शोधावं लागतं. माझ्या अनुभवात बरीचशी माणसं इथंच सापडतात, कारण साध्या कपड्यात रात्री येणारं पथक बहुतेक वेळा स्थानिक ठाण्याचं नसतं. ते जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेचं, शेजारच्या जिल्ह्याचं, कधी परराज्यातलंही असतं. त्यामुळे ठाण्यातला हवालदार ‘आमच्याकडे नाही’ म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. त्याला खरंच माहीत नसेल.

हा अर्ज प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि वेळ घ्या. शिक्का देत नसतील तर तिथंच वाद घालू नका. बाहेर या आणि तोच मजकूर पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर, जिल्हा नियंत्रण कक्षाच्या ईमेलवर आणि ठाण्याच्या ईमेलवर एकदम पाठवा. पाठोपाठ स्पीड पोस्टनं. ११२ वर फोन करून तेच सांगा, कारण त्या कॉलची वेळेसकट नोंद राहते. ईमेलवर उमटलेली वेळ तुमच्या प्रकरणात सोन्याची आहे. ती का, ते पुढे येईल.

त्याच बरोबर जिल्हा नियंत्रण कक्षात लेखी विचारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठेवण्यासाठी एक नेमलेला अधिकारी असतो, आणि ही माहिती लावून ठेवायची असते. कलम ४८ प्रमाणे अटक केली की नातेवाइकाला कळवायचं, आणि त्या नेमलेल्या अधिकाऱ्यालाही. तेव्हा ‘माझा भाऊ तुमच्या यादीत आहे का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मिळायला हवं. ‘नाही’ असं लेखी आलं तर तेही सांभाळून ठेवा. ते नंतर पलटवता येत नाही.

दुसरीकडे पुरावा गोळा करा. शेजारच्या किराणा दुकानाचा, पतसंस्थेचा, रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचा कॅमेरा. खासगी कॅमेऱ्यांचं चित्रण थोड्या दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं, म्हणून आजच जाऊन मोबाइलवर उतरवून घ्या. गाडीचा नंबर अर्धा दिसला तरी चालेल. भावाचा फोन शेवटचा कधी लागला, कधी बंद झाला, ते लिहून ठेवा. ज्यांनी पाहिलं त्यांची नावं लिहा. इथं एक पथ्य पाळा: पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. आईनं दारात उभं राहून पाहिलं असेल तर प्रतिज्ञापत्र आईचं करा. तुम्ही पुण्याहून आलात आणि सगळं आईकडून ऐकलंत, तर ‘मी पाहिलं’ असं शपथेवर लिहू नका. सरकारी वकील पहिलं बोट तिथंच ठेवतात.

या कागदांवर मी एवढा जोर का देतो, ते एका जुन्या खटल्यावरून कळेल. केरळमध्ये कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी पी. राजन याला १ मार्च १९७६ रोजी पहाटे पोलिसांनी वसतिगृहातून नेलं. आणीबाणीचा काळ होता. वडील ईचरा वारियर वर्षभर अर्ज करत फिरले, कुणी दाद दिली नाही. आणीबाणी उठल्यावर मार्च १९७७ मध्ये त्यांनी केरळ हायकोर्टात हेबिअस दाखल केली. पोलिसांचं आणि सरकारचं म्हणणं एकच: आम्ही त्याला कधी ताब्यात घेतलंच नाही. आणीबाणीत गृहमंत्री असलेले आणि नुकतेच मुख्यमंत्री झालेले के. करुणाकरन यांनीही तसंच प्रतिज्ञापत्र दिलं. वडिलांच्या बाजूनं काय होतं? कॉलेजच्या प्राचार्यांनी त्याच वेळी त्यांना पत्र पाठवून कळवलं होतं की तुमच्या मुलाला पोलीस घेऊन गेलेत. ज्यांनी पाहिलं होतं ते कोर्टात येऊन बोलले. कक्कयमच्या पोलीस कॅम्पमध्ये त्याला पाहणारेही होते. कोर्टानं पोलिसांचा इन्कार नाकारला, राजन पोलिसांच्या ताब्यात होता असा निष्कर्ष काढला आणि त्याला हजर करायला सांगितलं. तेव्हा सरकारला कबूल करावं लागलं की तो कोठडीतच मरण पावला. करुणाकरन यांना एप्रिल १९७७ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

वडिलांना मुलगा परत मिळाला नाही, हे मी लपवत नाही. पण सगळं सरकार ‘नाही’ म्हणत असताना कोर्टानं वडिलांवर विश्वास ठेवला, तो नंतर रचलेल्या हकिकतीवर नव्हे. घटना घडली तेव्हाच लिहिलेला कागद आणि डोळ्यांनी पाहिलेली माणसं यांच्या जोरावर ठेवला. सोमवारी रात्रीची घटना सोमवारी किंवा मंगळवारीच कुठंतरी लिहून गेलेली असेल, तर तिचं वजन आठ दिवसांनी केलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा कितीतरी जास्त. तुमचा बुधवार अजून उशीर नाही, पण गुरुवारपर्यंत लांबवू नका.

आता याचिका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली ती हायकोर्टात जाते. अनुच्छेद ३२ खाली सुप्रीम कोर्टातही जाता येतं, पण तुमच्यासारख्या प्रकरणात ते लोक हायकोर्टात जा म्हणण्याचीच शक्यता जास्त. सांगली जिल्ह्याचं काम ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही तिथंच. पूर्वी यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची. विदर्भाचं काम नागपूरला, मराठवाड्याचं छत्रपती संभाजीनगरला, गोव्याचं पर्वरीला.

अर्जदार कोण? आई, बायको, भाऊ, मित्र, कुणीही. जो आत आहे त्याची सही लागत नाही. प्रतिवादी म्हणून गृह खात्यामार्फत महाराष्ट्र शासन, पोलीस अधीक्षक, तालुक्याच्या ठाण्याचे निरीक्षक आणि स्थानिक गुन्हे शाखेचे निरीक्षक. गाडी परजिल्ह्याची असल्याचा संशय असेल तर तिकडचे अधीक्षकही. कुठल्या अधिकाऱ्यानं नेलं हे माहीत नसलं तरी याचिका अडत नाही. माहीत नाही, हेच तर तुमचं गाऱ्हाणं आहे.

मागण्या मात्र नेमक्या लिहून घ्या. ‘भावाला हजर करा आणि सोडा’ एवढंच लिहून थांबणारे मसुदे मी खूप पाहिलेत. त्यासोबत अंतरिम मागणी हवी की संबंधित ठाण्याचं आणि गुन्हे शाखेच्या कार्यालयाचं सोमवार रात्रीपासूनचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, स्टेशन डायरी आणि गाडीचं लॉगबुक कोर्टापुढे ठेवावं, आणि भाऊ सापडताच त्याची सरकारी डॉक्टरकडून तपासणी करावी. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावेत आणि चित्रण जतन व्हावं, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात सांगितलंय. प्रत्यक्षात नेमका त्याच दिवशी कॅमेरा ‘बंद’ असतो, हा अनुभव नवा नाही. पण ‘बंद होता’ हेही शपथेवर सांगावं लागलं की त्याची किंमत बदलते.

दाखल करताना वकील याचिकेची प्रत आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात देतात, आणि तातडीची नोंद म्हणून प्रिसिपे लावून खंडपीठापुढे मेन्शन करतात, म्हणजे लवकर ऐकावं असं तोंडी सांगतात. हेबिअस सहसा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बोर्डावर येते. सुट्टी असेल तर सुट्टीतल्या बेंचपुढे. गंमत अशी की, बऱ्याचदा कोर्टाआधी ती प्रतच काम करते. सरकारी वकील अधीक्षक कार्यालयाला फोन करून विचारतात, ‘हा माणूस तुमच्याकडे आहे का? उद्या मला कोर्टात सांगायचंय.’ तोपर्यंत तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. आता सही करून नाही म्हणायचं असतं.

आणि मग तुमच्या प्रकरणात जे घडण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे ते घडतं. गुरुवारी सकाळी तुम्हाला फोन येतो: तुमच्या भावाला आज पहाटे पाच वाजता अमुक बसस्टँडवर संशयास्पद स्थितीत मिळून आल्यानं अटक केली आहे, दुपारी कोर्टात हजर करतोय. अटक फॉर्मवर वेळ पहाटे पाच. दुपारी दोनला दंडाधिकाऱ्यांपुढे. कागदावर नऊ तासांत हजर केलं, सगळं नियमात.

इथं तुमची ईमेलची वेळ कामाला येते. अनुच्छेद २२(२) आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ सांगतं की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं पाहिजे. हे २४ तास कधी सुरू होतात? पोलीस फॉर्मवर लिहितात तेव्हा नव्हे. माणसाचं स्वतःच्या मर्जीनं निघून जाणं जेव्हा थांबवलं, तेव्हा अटक झाली, हे मुंबई हायकोर्टानं १९९० मध्येच अशक हुसेन प्रकरणात स्पष्ट केलंय. सोमवारी रात्री साडेदहापासून मोजा: मुदत मंगळवारी रात्री साडेदहाला संपली. तुमचा अर्ज बुधवारी दुपारी ईमेलनं अधीक्षकांकडे पोचलेला आहे आणि त्यात सोमवारच्या रात्रीचा उल्लेख आहे. मग गुरुवारी पहाटे बसस्टँडवर ‘मिळून आलेल्या’ माणसाबद्दल त्याच्या घरच्यांनी आदल्या दिवशीच तक्रार कशी केली, याचं उत्तर तपास अधिकाऱ्याला द्यावं लागतं.

पण हे सांगायची जागा आता बदलली. ही गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त चकवते. दंडाधिकाऱ्यांनी एकदा पोलीस कोठडी दिली की भाऊ न्यायालयाच्या आदेशानं ताब्यात आहे असं धरलं जातं, आणि हेबिअस साधारणपणे चालत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्र शासन विरुद्ध तस्नीम सिद्दीकी या प्रकरणात मुंबई हायकोर्टाचा सुटकेचा आदेश याच कारणानं रद्द केला. ताबा कायदेशीर आहे का, हे कोर्ट याचिका दाखल झाली त्या दिवसावरून नव्हे, तर उत्तर येतं आणि सुनावणी होते त्या वेळच्या स्थितीवरून पाहतं. कोठडीचा आदेश अधिकार नसताना किंवा निव्वळ यांत्रिकपणे दिला असेल तर अपवाद आहे, पण तो दरवाजा अरुंद आहे. त्यामुळे हायकोर्ट म्हणेल, ‘तो सापडला, रिमांड झाला, याचिका निकाली.’ तुमच्या वकिलानं तेव्हा आग्रह धरावा की बेकायदा ताब्याचा मुद्दा, सीसीटीव्ही आणि भरपाई यांपुरती याचिका उघडी ठेवावी किंवा वेगळी करायची मुभा आदेशात लिहून द्यावी. कोठडीतल्या बेकायदा ताब्याबद्दल भरपाई देता येते हे १९८३ च्या रुदल शाह प्रकरणापासून ठरलेलं आहे.

त्या गुरुवारच्या दुपारी मात्र खरी लढाई तालुक्याच्या कोर्टातच आहे. एक वकील हायकोर्टात आणि एक तिथं, असं ठेवता आलं तर उत्तम. तिथल्या वकिलानं पोलीस कोठडीला विरोध करताना तीन गोष्टी मांडाव्यात. भावानं स्वतः दंडाधिकाऱ्यांना सांगावं की मला सोमवारी रात्री घरातून आणलं, कुठं ठेवलं, मारलं असेल तर कुठं. हे रोजनाम्यात नोंदवून घ्यायची विनंती करावी. दुसरं, वैद्यकीय तपासणी, त्याच दिवशी. तिसरं, अटकेची कारणं. ती त्याला दिली नसतील तर अटकच टिकत नाही, आणि मागाहून दिलेल्या रिमांडनं ती दुरुस्त होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात म्हटलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह प्रकरणात, म्हणजे मुंबईच्याच एका अटकेवरून, त्यापुढे जाऊन सांगितलं की कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत असावीत, आणि ती रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी मिळावीत. ‘मला गुन्ह्याची माहिती समजावून सांगितली’ अशा छापील ओळीखाली घेतलेली सही म्हणजे कारणं देणं नव्हे. हे सगळं मांडूनही कोठडी मिळू शकते. तालुक्याच्या कोर्टात गर्दी असते आणि पोलिसांच्या कागदावर विश्वास ठेवायची सवयही. तरी नोंद झाली पाहिजे, कारण पुढे अटक आणि रिमांड दोन्हींना हायकोर्टात आव्हान द्यायचं तर ती नोंदच आधार असते.

माराबद्दल तुम्ही विचारलंत. खात्री कुणीच देऊ शकत नाही. हे पथक कोण आहे, गुन्हा काय आहे, भावाचं पूर्वीचं रेकॉर्ड आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. मला दिसत आलंय ते असं: मार बसतो तो नोंद नसलेल्या तासांत. ज्या क्षणी हायकोर्ट, अधीक्षक आणि सरकारी वकील त्या माणसाचं नाव विचारायला लागतात, त्या क्षणापासून त्याच्या अंगावरचा प्रत्येक वळ कुणाला तरी महागात पडणार असतो. म्हणून घाबरून गप्प राहणं मला सुरक्षित वाटत नाही. उलट या काळात ‘साहेबांशी बोलतो, एवढे द्या, उद्या सोडवतो’ म्हणणारा एक माणूस हमखास उगवतो. पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे तक्रार न करता दोन दिवस जातात.

एक वेगळी शक्यताही तपासा. भावावर आधीचे गुन्हे असतील, तर एमपीडीए, म्हणजे १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांचा स्थानबद्धतेचा आदेश असू शकतो. तिथंही हेबिअसच टाकतात, पण तिची सगळी मांडणी निराळी. तेव्हा माणूस कुठं आहे ते माहीत असतं, २४ तासांचा मुद्दा लागू होत नाही, आणि भांडण आदेशातल्या कारणांवर, दिलेल्या कागदांच्या भाषेवर, निवेदन निकाली काढायला केलेल्या उशिरावर चालतं. तसा आदेश हाती आला तर वर लिहिलेलं बाजूला ठेवा आणि तो आदेश जसाच्या तसा वकिलाला दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर वकिलागणिक फरक आहे, मी आकडा सांगणार नाही. पण अर्जदार आई असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तिला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, स्त्री म्हणून. ताब्यात असलेल्यालाही मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीलाही. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. जाताना आईचं आणि भावाचं आधार, भावाचा अलीकडचा फोटो, पाठवलेल्या ईमेलच्या छापील प्रती, स्पीड पोस्टच्या पावत्या आणि ते कॅमेऱ्याचं चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन जा. आईला सोबत न्या. प्रतिज्ञापत्र तिचं आहे, सही तिला समोर बसून करावी लागेल.